पहिले वजन

बाह्यरुग्ण विभागातला एक केसपेपर डोळ्यांसमोर आणा. सव्वीस वर्षांचा तरुण, निदान स्किझोफ्रेनिया, ओलान्झापिन 10 मिलिग्रॅम रात्री एक. पुढे दोन वर्षांच्या भेटी ओळीने नोंदलेल्या. कानात ऐकू येणारे आवाज थांबले, झोप सुधारली, दुकानात मदत करू लागला. मग एका भेटीत आई म्हणते, "डॉक्टर, याच्या सगळ्या पँट घट्ट झाल्यात, आणि रात्री उठून डब्यातलं काहीबाही खातो." डॉक्टर काट्यावर उभे करतात. वजन 81 किलो. त्यांना लगेच जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की सुरुवातीला किती होते? पाने उलटून पाहिली जातात, पण पहिल्या दिवशी वजन कुणी लिहिलेलेच नाही. आई सांगते, "बारीक होता हो तेव्हा."

हा केसपेपर समजावण्यासाठी कल्पिलेला आहे. पण मानसोपचाराच्या ओपीडीत काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. वजन आजही करता येते, उद्याही करता येईल. गोळी सुरू होण्याआधीचे वजन मात्र एकदाच मिळते आणि त्या दिवशी लिहिले नाही तर ते कायमचे हुकते. या लेखात ज्या ऑडिटचा प्रस्ताव समजून घ्यायचा आहे, तो त्या हुकलेल्या आकड्यांचा हिशेब मांडतो.

आधी औषधांविषयी. अँटिसायकोटिक औषधांची सुरुवात 1952 मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिनने झाली. त्या जुन्या पिढीतल्या गोळ्यांनी हातपाय थरथरणे, चेहरा ताठ होणे असे त्रास होत. पुढे आलेल्या क्लोझापिन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन या औषधांनी तो त्रास बराच कमी झाला, पण दुसरी किंमत पुढे आली. मेंदूत भूक आणि तृप्ती सांभाळणारी जी ग्रहणस्थाने आहेत, त्यातली हिस्टामिन आणि सेरोटोनिनची काही स्थाने ही औषधे अडवतात. पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, गोड आणि तळलेले खावेसे वाटते, अंगात सुस्ती राहते. शिवाय इन्शुलिनच्या कामावरही परिणाम होतो. क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांचा धोका सर्वांत जास्त, क्वेटियापिन आणि रिस्पेरिडोनचा मधला, एरिपिप्राझोलचा बराच कमी. वजन सर्वांत झपाट्याने वाढते ते पहिल्या काही महिन्यांत, आणि तेही पहिल्यांदाच औषध घेणाऱ्या तरुणांचे.

गंभीर मानसिक आजार असलेली माणसे इतरांच्या तुलनेत साधारण दहा ते वीस वर्षे आधी मरतात, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. त्यात आत्महत्येपेक्षा हृदयविकार आणि इतर शारीरिक आजारांचा वाटा मोठा आहे. हे वाचून कुणी गोळ्या बंद करू नयेत, म्हणून दुसरी बाजूही इथेच सांगायला हवी. फिनलंडमध्ये 1996 ते 2006 या काळात स्किझोफ्रेनियाच्या 66,881 रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वजन आणि साखर वाढवण्यात पुढे असलेले क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी निघाले. औषधाशिवाय सोडलेला आजार त्याहून महाग पडतो. म्हणून गोळी चालू ठेवायची आणि तिच्यावर डोळाही ठेवायचा, एवढीच सरळ मागणी आहे.

डोळा कसा ठेवायचा, याचे उत्तर वीस वर्षांपूर्वीच ठरले आहे. अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांच्या आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनांनी 2004 मध्ये एकत्र बसून वेळापत्रक काढले. औषध सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातली चरबी तपासायची. वजन पुन्हा चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला. रक्तदाब, साखर आणि चरबी बाराव्या आठवड्याला. त्यानंतर वजन दर तीन महिन्यांनी, साखर आणि रक्तदाब वर्षातून एकदा. सुरुवातीच्या वजनाच्या पाच टक्के वाढ झाली की औषध बदलण्याचा विचार करावा, असेही त्यात म्हटले आहे.

त्या पाच टक्क्यांतच पहिल्या वजनाचे मोल आहे. कल्पित केसपेपर पुन्हा हाती घेऊ, पण या वेळी तो नीट भरलेला. समजा, मुलाची उंची 165 सेंटिमीटर आणि पहिल्या दिवशीचे वजन 58 किलो. पाच टक्के म्हणजे 2.9 किलो, म्हणजे धोक्याची रेघ 60.9 वर. चौथ्या आठवड्यात वजन 60.5 भरते. रेघ अजून ओलांडलेली नाही, पण चाल कळते. आठव्या आठवड्यात 62 होते, रेघ ओलांडली जाते. त्या दिवशी डॉक्टरांसमोर खरे पर्याय असतात. आहाराचा सल्ला, कमी धोक्याचे औषध, किंवा वजनवाढ रोखण्यासाठी मेटफॉर्मिनची जोड. बाराव्या आठवड्यात वजन 64 झाले तरी हा मुलगा बघणाऱ्याला जाड दिसणार नाही. त्याचा बॉडी मास इंडेक्स 21.3 वरून 23.5 झालेला असतो, आणि भारतीयांसाठी 23 च्या पुढे जादा वजन मानतात. नुसत्या नजरेने हे कळत नाही. दोन वर्षांनी 81 किलोवर ते सर्वांना कळते, आणि तोवर चढलेले वजन उतरवणे फार अवघड झालेले असते.

वेळापत्रक साधे आहे, वजनकाटा स्वस्त आहे, तरी हे होत नाही. का होत नाही, ते शोधण्याची पद्धत म्हणजे क्लिनिकल ऑडिट. ते संशोधनाहून वेगळे आहे. संशोधन विचारते, काय करणे योग्य? ऑडिट विचारते, जे योग्य ठरले आहे ते आपल्याकडे होते आहे का? दुकानदार जसा वर्षअखेर माल मोजतो आणि वहीशी ताडून पाहतो, तसे इथे मानक आणि केसपेपर ताडायचे. तफावत दिसली की कामाची पद्धत बदलायची, आणि काही महिन्यांनी तीच मोजणी पुन्हा करायची. दुसऱ्या मोजणीला री-ऑडिट म्हणतात.

आता एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीसाठी प्रस्ताव कसा लिहिला जाईल, ते पाहू.

पहिला प्रश्न, मोजायचे कुणाला? "स्किझोफ्रेनियाचे रुग्ण" असे लिहिले की निम्मी चूक तिथेच होते. हीच औषधे बायपोलर आजारात दिली जातात, काही जणांना झोपेसाठी क्वेटियापिनची छोटी मात्रा चालू असते, आणि काही जण महिन्याला इंजेक्शन घेतात. इंजेक्शनवाल्यांच्या चिठ्ठीवर रोजची गोळी नसते, म्हणून ते यादीतून हमखास सुटतात. निवडीचा आधार निदान नसावा, औषध असावे. अठरा वर्षांवरील, कोणतेही अँटिसायकोटिक किमान तीन महिने घेत असलेला प्रत्येक जण. त्यातून ओळीने पन्नास केसपेपर घ्यायचे, एकाच दिवसाचे न घेता आठवड्याच्या सगळ्या दिवसांचे. नावे उतरवायची नाहीत, क्रमांक द्यायचे. मानसिक आजाराची माहिती गुप्त राखली जाणे हा 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. काम सुरू करण्याआधी रुग्णालय प्रमुखांची लेखी परवानगीही हवी.

एक अडचण इथली खास आहे. अनेक घरांतून रुग्ण येतच नाही. भाऊ किंवा वडील केसपेपर घेऊन रांगेत उभे राहतात, "तब्येत बरी आहे" म्हणतात आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन जातात. पहाटेची एसटी, बुडणारी मजुरी, वाटेत रुग्णाचा होणारा त्रास, हे सगळे लक्षात घेता त्यांना दोष देता येत नाही. पण वर्षभर न आलेल्या माणसाचे वजन कोण करणार? असे केसपेपर ऑडिटमधून वगळण्याचा मोह होतो, कारण मग टक्केवारी चांगली दिसते. ते वगळू नयेत. सर्वांत कमी देखरेख ज्यांच्यावर असते ते हेच रुग्ण, त्यामुळे ते मोजणीत राहिलेच पाहिजेत. वगळायचे ते फक्त ज्यांनी तपासणीला नकार दिला आणि तो नकार केसपेपरवर लिहिलेला आहे अशांना.

दुसरा प्रश्न मानकांचा. चार पुरेत. औषध सुरू होण्याआधी, किंवा फार तर पहिल्या दोन आठवड्यांत, वजन, रक्तदाब, साखर आणि चरबी यांची नोंद. बाराव्या आठवड्यापर्यंत वजनाच्या किमान तीन नोंदी, आणि बाराव्या आठवड्याला बाकी तपासण्या. जुन्या रुग्णांत गेल्या बारा महिन्यांत चारही गोष्टी आणि कमरेचा घेर. चौथे मानक सर्वांत महत्त्वाचे आणि बहुतेक प्रस्तावांत विसरले जाणारे: आकडा बिघडलेला आढळला तर पुढच्या भेटीपर्यंत काय केले, याची नोंद. साखर 140 लिहिली आणि खाली फक्त "औषधे तीच चालू" असे असेल, तर तपासणी झाली तरी रुग्णाला तिचा काही उपयोग झाला नाही. ब्रिटनमध्ये या विषयावरची जी मार्गदर्शिका हेलन लेस्टर या डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते, तिचा सगळा भर नुसते तपासून न थांबण्यावर आहे. मानक शंभर टक्क्यांचेच ठेवावे. पहिल्या फेरीसाठी वेगळे गाठण्याजोगे लक्ष्य, समजा ऐंशी टक्के, ठरवायला हरकत नाही. पण ऐंशी हेच मानक केले की उरलेले वीस जण कुणाच्याच हिशेबात राहत नाहीत.

"नोंद" म्हणजे काय, हेही आधी ठरवून घ्यावे लागते. केसपेपरवर "बीपी नॉर्मल" असे लिहिलेले सापडते. ते धरायचे का? नाही. आकडा आणि तारीख दोन्ही असतील तरच नोंद धरायची. "नॉर्मल" या शब्दातून पुढच्या डॉक्टरला काहीच ताडून पाहता येत नाही.

साखरेच्या तपासणीत आणखी एक व्यवहार आड येतो. उपाशीपोटी या म्हटले तरी तीस किलोमीटरवरून आलेला रुग्ण स्टँडवर चहा-बिस्किट घेऊनच येतो, आणि गोळ्या घेणाऱ्याला भूकही जास्त लागते. अशा वेळी एचबीए1सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी सोयीची पडते, तिला उपाशी राहावे लागत नाही. तिच्याही मर्यादा आहेत. लोहाच्या कमतरतेने झालेल्या रक्तक्षयात तिचा आकडा खोटा जास्त येऊ शकतो, आणि सिकलसेलच्या रुग्णांत भलताच. गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, जिथे सिकलसेल आढळतो, तिथे या एकाच आकड्यावर विसंबून चालणार नाही. प्रस्तावात दोन्ही तपासण्या मान्य कराव्यात आणि कोणती केली ते लिहावे.

आता मोजणीचे खरे कसब. बहुतेक ऑडिटच्या तक्त्यात एकच चौकट असते: झाली, नाही झाली. समजा पन्नासपैकी अठरा केसपेपरांवर साखरेचा आकडा सापडला आणि बत्तीसांवर सापडला नाही. निष्कर्ष निघतो, "डॉक्टरांमध्ये जागरूकता नाही", आणि एक व्याख्यान होते. पण त्या बत्तीसांच्या मागे जाऊन लॅबचे रजिस्टर पाहिले तर वेगळेच दिसू शकते. समजा चौदा जणांना तपासणी लिहूनच दिलेली नव्हती. अकरा जणांना लिहून दिली होती, पण ते लॅबपर्यंत गेले नाहीत, कारण ओपीडी संपेतो नमुने घेण्याची वेळ टळली होती. आणि सात जणांची तपासणी झाली होती, रिपोर्टही तयार होता, पण तो केसपेपरला कधी लागलाच नाही. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. त्यातून दिसते ते असे, की गळती तीन ठिकाणी आहे आणि व्याख्यानाने फार तर पहिली बुजेल. दुसरीसाठी लॅबची वेळ बदलावी लागेल, तिसरीसाठी रिपोर्ट आणून लावणारे कुणीतरी ठरवावे लागेल. म्हणून तक्त्यात चार चौकटी हव्यात: लिहून दिली नाही, लिहिली पण झाली नाही, झाली पण पाहिली नाही, पूर्ण.

एकेक तपासणी वेगळी मोजली की चित्र बरे दिसते, चारही मिळून मोजले की ते उघडे पडते. ब्रिटनमध्ये समाजात जाऊन गंभीर रुग्णांची काळजी घेणाऱ्या पथकांचे असे ऑडिट 2006 मध्ये झाले. मागच्या वर्षभरात वजन, रक्तदाब, साखर आणि चरबी या चारही गोष्टी तपासल्या गेलेले रुग्ण होते दहात जेमतेम एक. हे अशा देशात, जिथे मार्गदर्शक सूचना, लॅब आणि मोफत आरोग्यसेवा सगळे होते. पथकांना त्यांचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवून दाखवले गेले आणि मोजणी पुन्हा पुन्हा होत राहिली. 2012 पर्यंत ते प्रमाण तीनात एकाच्या थोडे वर पोहोचले. सहा वर्षांत तिपटीने वाढ झाली, आणि तरीही दर तिघांतले जवळजवळ दोघे बाहेरच राहिले.

नुसती आठवण करून देणे किती तोकडे पडते, हे क्लोझापिनच्या उदाहरणाने कळते. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात. 1975 मध्ये फिनलंडमध्ये त्यामुळे मृत्यू झाले आणि औषध मागे पडले. 1990 च्या सुमारास ते ब्रिटन-अमेरिकेत परत आले ते एका अटीवर, की रक्ततपासणीचा आकडा आल्याशिवाय पुढच्या गोळ्या मिळणार नाहीत. ती तपासणी नेमाने होऊ लागली. त्याच रुग्णाच्या वजनाला आणि साखरेला मात्र अशी अट नव्हती. साखर नाही म्हणून गोळ्या अडवाव्यात असे कुणी सुचवणार नाही, त्याने आजारच उलटेल. पण घ्यायचा धडा असा, की तपासणी ही रुग्णाच्या नेहमीच्या वाटेवर, जिथून त्याला जावेच लागते तिथे असली पाहिजे.

म्हणून सुधारणा केसपेपर काढण्याच्या रांगेपासून सुरू करावी. काटा डॉक्टरांच्या खोलीतून काढून बाहेर सिस्टरच्या टेबलाशेजारी ठेवायचा. वजन आणि रक्तदाब तिथेच होईल आणि डॉक्टरांच्या समोर आकडा भरलेलाच येईल. केसपेपरच्या पहिल्या पानाला एक छोटा तक्ता चिकटवायचा: वर पहिले वजन, त्याच्या शेजारी पाच टक्क्यांची रेघ आधीच काढून लिहिलेली, खाली चौथा, आठवा, बारावा आठवडा. वर्षातून एकदा, शक्यतो वाढदिवसाच्या महिन्यात, रुग्णाने स्वतः यायचे आणि त्या दिवशी लॅब सकाळी आठला नमुने घेईल अशी व्यवस्था करायची. आदल्या दिवशी फोन करायचा. यात नवीन यंत्र नाही, नवीन पद नाही. कुणाचे काम कोणते, हे मात्र कागदावर नावानिशी लागते.

मग सहा महिने थांबायचे. पद्धत मुरायला एवढा वेळ लागतो, आणि बाराव्या आठवड्याच्या नोंदी जमायलाही. री-ऑडिट करताना तीच व्याख्या, तोच तक्ता, तितकेच केसपेपर आणि निवडीची तीच रीत. इथे बरेचदा गफलत होते. दुसऱ्या फेरीत कुणीतरी "बीपी नॉर्मल" हेही धरतो, किंवा नातेवाईकांनी नेलेले केसपेपर वगळतो, आणि सुधारणा झाल्यासारखी दिसते. दुसरी गफलत छोट्या संख्येची. वजनाच्या नोंदी पन्नासात एकतीस होत्या, त्या छत्तीस झाल्या, तर टक्केवारी 62 वरून 72 होते आणि पेढे वाटावेसे वाटतात. पण पन्नास केसपेपरांच्या नमुन्यात तेरा-चौदा टक्क्यांचा फरक इकडेतिकडे नुसत्या योगायोगाने पडू शकतो. एकतीसचे पंचेचाळीस झाले तर पद्धत खरेच बदलली असे म्हणता येईल. आणि पहिल्या तीन मानकांत वाढ होऊन चौथे, म्हणजे बिघडलेल्या आकड्यावर कृती करण्याचे मानक, जागच्या जागी राहिले असेल, तर सुधारणा कागदावरच झाली आहे आणि तिसरी फेरी लागणार आहे, असे अहवालात स्पष्ट लिहिले पाहिजे.

ज्यांच्या घरात कुणी या गोळ्या घेत आहे, त्यांना रुग्णालयाच्या ऑडिटची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाताना रुग्णाला सोबत न्या, जमेल तेव्हा सकाळी उपाशीपोटी न्या. वजन, रक्तदाब, साखर आणि चरबी गेल्या वर्षभरात तपासली आहे का, ते केसपेपरवर पाहा, आणि नसेल तर डॉक्टरांना विचारा. आकडा वाढलेला निघाला तरी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि औषध आजच नव्याने सुरू होत असेल, तर पहिली गोळी घेण्याआधी काट्यावर उभे करा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा, केसपेपरवर आणि घरच्या वहीतही.